लॉजवाला कुणाचं ऐकतो? टॉवेलच्या एका कारखानदाराला उत्तर

प्रतिक्रिया: "तुम्ही दर लेखात सांगता, ग्राहकांचे अभिप्राय पोस्टमध्ये टाका, जाहिरातीत टाका. मी सहा महिने टाकले. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, गुगलचे स्टार, सगळं. एक टॉवेल जास्त खपला नाही. लोकांना कळतं की हे मालकाच्या मेहुण्यानंच लिहिलेलं असतं. आणि माझं गिऱ्हाईक लॉजवाले. त्यांना भाव हवा, कौतुक नको. पुण्या-मुंबईचं फॅड इथं सोलापुरात चालत नाही ओ." (टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड)

नमस्कार साहेब,

लॉजवाल्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, आणि माझं सगळं उत्तर त्याच वाक्याच्या आधारावर आहे. तुम्ही लिंक दिली होती म्हणून तुमचं पान पाहिलं. "खूप छान क्वालिटी", "एक नंबर माल", खाली हात जोडलेले, वर पाच तारे. आता तुळजापूरचा एखादा लॉजवाला हे वाचतोय असं समजा. त्याच्या डोक्यातले प्रश्न वेगळेच आहेत. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात हा टॉवेल पत्र्यासारखा कडक होईल का? धोब्याच्या मशीनमध्ये किनारीची शिवण उसवेल का? पुढच्या खेपेला हाच माल, ह्याच वजनाचा येईल का? तुमच्या एकाही स्क्रीनशॉटमध्ये ह्यातल्या एकाचंही उत्तर नाही. मग तो भाव विचारतो, कारण तुलना करायला त्याच्या हातात दुसरं काही उरत नाही.

हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे की नाही ते बाजूला ठेवू. दुसऱ्यांचं बघून माणूस कसा ठरवतो, ह्या विषयातला सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग टॉवेलचाच आहे. नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशियस ह्या तिघा संशोधकांनी तो अमेरिकेतल्या हॉटेलात केला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केला. टॉवेल रोज धुवायला न टाकता पुन्हा वापरा, अशी विनंती करणारी पाटी बाथरूममध्ये ठेवायची. "पर्यावरण वाचवा" म्हटलं तेव्हा सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी ऐकलं. "इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" म्हटल्यावर 44 टक्क्यांनी ऐकलं. दुसऱ्या फेरीत एका पाटीवर "ह्याच खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे" असं लिहिलं, आणि आकडा 49 च्या पुढे गेला. खोली तीच असण्याला तसा काहीच अर्थ नाही. तरी आपल्याच जागी असलेला माणूस काय करतो, ह्याचं वजन जास्त पडलं. म्हणून तुळजापूरच्या लॉजवाल्याला मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलचं प्रशस्तिपत्र दाखवून फारसा उपयोग नाही. त्याला अक्कलकोटचा किंवा पंढरपूरचा लॉजवाला दाखवा, ज्याचं पाणी तसंच आहे, धोबी तसाच आहे आणि यात्रेच्या दिवसांतली गर्दीही तशीच आहे.

ह्याला एक पुरवणी जोडतो, कारण मार्केटिंगवाले ती गाळतात. 2014 मध्ये जर्मनीतल्या हॉटेलांत असाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा साधी पर्यावरणाची पाटीही तितकीच चालली. म्हणजे "अभिप्राय टाकला की खप वाढतो" असा काही नियम नाही. आपल्या गिऱ्हाइकावर ते लागू पडतं का, हे आपणच तपासायचं. ते कसं, हे शेवटी सांगतो.

आता तुमच्यासाठी एक प्रकरण बसवून दाखवतो. प्रकरण म्हणजे एका गिऱ्हाइकाची पुराव्यासकट गोष्ट. खालचे भाव आणि धुण्यांचे आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे खरे तुम्ही भरा.

अक्कलकोटच्या एखाद्या लॉजला पांढरे टॉवेल जायचे आहेत, 30 बाय 60 इंच, 450 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे 450 ग्रॅम. ह्या मापाचा टॉवेल साधारण 520 ग्रॅम भरतो. माल पाठवण्याआधी त्यातले दहा टॉवेल बाजूला काढा आणि किनारीत निळ्या दोऱ्याची खूण घाला. दहाही टॉवेल कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच तोला, कारण सुती टॉवेल हवेतला ओलावा धरतो आणि दोन दिवसांची वजनं जुळत नाहीत. लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा, फोटो काढा. खुणेचे टॉवेल किती वेळा धुतले गेले त्याच्या रेघा मारून ठेवायला धोब्याला सांगा. पन्नास धुणी झाली की तेच दहा पुन्हा आणा, वाळवा, तोला, मोजा.

इथं एक फसगत होते. धुतल्यावर टॉवेल आटतो, क्षेत्रफळ कमी होतं, त्यामुळे चौरस मीटरमागचं वजन वाढलेलं दिसू शकतं. मग कुणीतरी उत्साहानं "धुतल्यावर जीएसएम वाढला!" अशी जाहिरात करतो. प्रत्यक्षात तंतू झडून टॉवेल हलकाच झालेला असतो. म्हणून धुण्यानंतरचा जीएसएम सांगूच नका. एका टॉवेलचं आधीचं आणि नंतरचं वजन ग्रॅममध्ये सांगा. लॉजवाला स्वतःच्या काट्यावर ते पडताळू शकतो.

मग मालकाशी बोला. "माल कसा वाटला?" विचारलंत तर "छान" हेच येणार. त्याऐवजी आधी कुठला टॉवेल होता आणि त्याचं काय व्हायचं, ते विचारा. आमच्याकडून घेताना मन कशाला कचरत होतं? आता काय फरक आहे? अजून काय पटत नाही? ह्यातला शेवटचा प्रश्न सोडू नका. उत्तरं व्हॉइस नोटवर घ्या आणि त्याच्याच शब्दांत उतरवा. लांबी कमी केली तर चालेल, अर्थ बदलता कामा नये. उतरवलेला मजकूर त्याला पाठवून लेखी होकार घ्या. तोही दोन गोष्टींसाठी वेगवेगळा, तुमच्या पानावरच्या पोस्टसाठी आणि पैसे भरून चालवायच्या जाहिरातीसाठी. पोस्ट बहुतेक ओळखीची माणसं बघतात, जाहिरात अनोळखी हजारोंपुढे जाते. पहिल्याला हो म्हणणारा दुसऱ्याला नाही म्हणू शकतो.

आणि हो, भावाचं उत्तरही ह्यातच आहे. समजा त्याचा आधीचा टॉवेल 180 रुपयांचा होता आणि 60 धुण्यांत बाद व्हायचा. म्हणजे एका धुण्यामागे तीन रुपये. तुमचा 240 चा आहे आणि 100 धुणी टिकतो, तर एका धुण्यामागे दोन रुपये चाळीस पैसे. हा हिशोब तुम्ही सांगितलात तर ती विक्रेत्याची बडबड. वहीच्या फोटोसकट अक्कलकोटच्या मालकानं सांगितला, तर पुढचा लॉजवाला निदान कॅल्क्युलेटर तरी काढतो. फक्त पन्नास धुण्यांवर शंभरचा दावा करू नका. शंभर रेघा होईपर्यंत "पन्नास धुण्यांनंतर दहापैकी इतके चांगले" एवढंच लिहा.

मालक म्हणाला की "जड आहे, पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो", तर तेही प्रकरणात ठेवा. 450 चा टॉवेल पातळ टॉवेलपेक्षा उशिराच वाळणार, ते लपवून काय मिळणार? उलट ज्याच्याकडे वाळवायला गच्ची नाही तो लॉजवाला आधीच बाजूला होईल आणि तुमचा परतीचा माल वाचेल. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगेल केंद्रानं ऑनलाइन खरेदीचा अभ्यास केला, तेव्हा खरेदीची शक्यता पूर्ण पाच ताऱ्यांना सर्वांत जास्त निघाली नाही. ती 4 ते 4.7 च्या पट्ट्यात निघाली. निव्वळ पाचचा लोकांना संशय येतो, हे तुम्हीच लिहिलंय की.

एवढं जमलं की ते वाटायचं कुठे? पूर्ण प्रकरण दोन पानांच्या पीडीएफमध्ये ठेवा आणि कुणी भाव विचारला की दरपत्रकासोबत पाठवा. ते खरं तिथं लागतं. पोस्टमध्ये खुणेचा पन्नास वेळा धुतलेला टॉवेल आणि शेजारी नवा कोरा, असा एक फोटो, खाली मालकाची चार वाक्यं. जाहिरातीत एकच शंका आणि तिचं एकच उत्तर. नमुना असा: "आमचं पाणी बोअरचं. टॉवेल थोडा कडक झालाय, पण पन्नास धुण्यांत एकाचीही शिवण उसवली नाही." खाली गाव आणि खोल्यांची संख्या. (हे वाक्य मी रचलंय. उचलून जशाच्या तसं चिकटवाल तर तेही मेहुण्याच्याच खात्यात जमा होईल.)

मेहुण्याचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलतो. मालक, नोकर, नातेवाईक ह्यांनी आपल्याच धंद्याला दिलेले अभिप्राय गुगलच्या नियमात बसत नाहीत. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा एक नॅपकिन फुकट देणंही बसत नाही. आपल्याकडे सर्रास चालणारी आणखी एक युक्तीही नियमाबाहेर आहे. आधी व्हॉट्सॲपवर "खूश आहात का?" विचारायचं आणि "हो" म्हणणाऱ्यालाच गुगलची लिंक द्यायची. लिंक द्यायची तर सगळ्यांना द्या. हे झालं गुगलचं. आपला कायदाही आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की शिफारस करणाऱ्याचं मत खरं असावं, त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा, आणि त्याचा विक्रेत्याशी विश्वासावर परिणाम करणारा काही संबंध असेल तर तो उघड करावा. अक्कलकोटच्या लॉजला ते दहा टॉवेल तुम्ही फुकट दिले असतील तर तसं लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता तपासणी. फेसबुकवाल्या मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये ए-बी टेस्टची, म्हणजे दोन जाहिराती एकाच वेळी चालवून तुलना करायची सोय आहे. फोटो तोच, गावं तीच, रोजचा खर्च तोच ठेवा. एका जाहिरातीत तुमचं नेहमीचं वाक्य आणि दुसरीत लॉजवाल्याचं. मेसेज किती आले एवढ्यावर थांबू नका. त्यातले लॉजवाले किती, दरपत्रक किती जणांना गेलं, ऑर्डर किती आल्या, हे वहीत लिहा. कधी कधी अभिप्रायाच्या जाहिरातीला मेसेज कमी येतात, पण फुकट चौकशा गळून ऑर्डर तेवढ्याच राहतात. तो फायदाच धरायचा. मात्र शंभर चौकशांत एकीकडे आठ ऑर्डर आणि दुसरीकडे अकरा आल्या तर त्यावरून काही ठरवू नका. एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो. ठोक धंद्यात ऑर्डरी मुळात थोड्या, त्यामुळे निर्णयाला एक हंगाम लागू शकतो. तुमचे सहा महिने ह्या हिशोबात धरता येत नाहीत, कारण तेव्हा तुलनेला दुसरी जाहिरातच नव्हती.

तुमच्या सध्याच्या गिऱ्हाइकांत बोअरचं पाणी वापरणारा आणि दुसऱ्यांदा माल घेतलेला लॉजवाला कोण, ते बिलबुकात बघा. पहिला फोन त्याला करा. आषाढीच्या तोंडावर मात्र करू नका, पंढरपूरकडे तेव्हा फोन उचलायला कुणी मोकळं नसतं.