सोसायटीच्या अंदाजपत्रकातल्या तळटिपांबद्दल : एका अभिप्रायाला उत्तर

अभिप्राय (२ तारे) : "अंदाजपत्रक मागितलं तर बाडच पाठवलं. पानोपानी खाली टिपा. सिक्युरिटीच्या पानावर दोन, सिंकिंग फंडाच्या पानावर एक, हाउसकीपिंगच्या पानावर एकही नाही. काही नियम आहे का? सगळी गृहीतकं शेवटी एका पानावर दिली असती तर काय बिघडलं असतं?"

आमचं उत्तर :

नमस्कार. इथे सगळेच वाचतात, म्हणून तुमच्या सोसायटीचे आकडे देत नाही. उदाहरणासाठी ८४ फ्लॅटची सोसायटी धरतो.

शेवटच्या पानाची पद्धत ऑडिट झालेल्या ताळेबंदाला चालते, कारण तो वाचणारा पूर्ण वाचतो. अंदाजपत्रकाचं तसं नसतं. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री कोणीतरी एकाच पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि त्या पानावरून वाद पेटतो. त्या फोटोत शेवटचं पान नसतं.

टीप कुठे द्यायची हे ठरवताना आम्ही दोन गोष्टी पाहतो. सभासदाला त्याच पानावरच्या माहितीवरून, हातात कॅल्क्युलेटर घेऊन, तोच आकडा काढता येतो का? आणि गृहीतक चुकलं तर दर फ्लॅटच्या मासिक बिलात १० रुपयांहून जास्त फरक पडेल का? आकडा काढता येत नसेल किंवा फरक मोठा असेल, तर टीप त्याच पानावर.

सिक्युरिटी घ्या. एजन्सीचं बिल महिना १,१२,००० आणि करार ३० सप्टेंबरला संपतो. पुढच्या सहा महिन्यांना १० टक्के वाढ धरली तर वर्षाचे १४,११,२०० होतात, म्हणजे फ्लॅटमागे महिना १,४०० रुपये. वाढ धरली नाही तर १,३३३. टीप नसेल तर सभासद १,१२,००० ला बाराने गुणतो, १३,४४,००० येतात आणि वरचे ६७,२०० कुठे गेले म्हणून कमिटीला धारेवर धरतो. म्हणून पहिली टीप कराराची तारीख आणि धरलेली वाढ सांगते. दुसरी विशेष भत्त्याबद्दल असते. किमान वेतनातला हा भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. करारात ती वाढ सोसायटीकडून घेण्याचं कलम असेल, तर ती या १० टक्क्यांत धरली आहे की वेगळी, हे लिहावंच लागतं.

सिंकिंग फंडाला एक टीप पुरते, पण ती नसेल तर सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. आदर्श उपविधींप्रमाणे वर्षाला किमान ०.२५ टक्के, तेही जमिनीची किंमत वगळून, आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या बांधकाम खर्चावर. बांधकाम खर्च १२ लाख असेल तर महिना २५० रुपये. कोणी ६० लाखांच्या खरेदी किमतीवर हिशेब केला तर १,२५०! टक्का सगळ्यांना ठाऊक असतो, तो कशाचा हे मात्र अंदाजाने धरलं जातं. टीप त्या 'कशाचा'साठी आहे.

हाउसकीपिंगच्या पानावर गृहीतकच नाही. करार ३१ मार्चपर्यंत, रक्कम ठरलेली, आणि हे तिथल्या ओळीतच लिहिलेलं असतं. तिथे टीप घातली तर ती नुसती भरती.

आम्ही एक टीप कधीच लिहीत नाही : 'मागील वर्षाच्या खर्चावर आधारित'. दिसायला बरी, पण मागील वर्षीचा प्रत्यक्ष खर्च की मंजूर झालेला? पंपाची मोटर रिवाइंड केली तो एकदाचा खर्च धरून की वगळून? वाचणारा पुन्हा अंदाजच करणार. त्याऐवजी आम्ही लिहितो, 'प्रत्यक्ष खर्च, मोटर रिवाइंडिंग वगळून'. आणि ८४ फ्लॅट, एप्रिल ते मार्च, रक्कम जवळच्या रुपयात, असं सगळीकडे लागू असलेलं प्रत्येक पानाच्या माथ्यावर एका ओळीत येतं. ते खाली परत लिहिलं तर महत्त्वाची टीप त्यात बुडते.

टिपा पानाच्या अगदी तळाला न दिसता तक्त्याला चिकटून का, हेही सांगतो. एक्सेलच्या फूटरला सेलशी जोडता येत नाही. तिथे हाताने '१० टक्के' लिहिलं आणि कमिटीने बैठकीत ८ केलं, तर आकडे बदलतात, टीप जुनीच राहते. म्हणून ती तक्त्याखालच्या ओळीत अशी असते :

```
="१ ऑक्टोबरपासून "&TEXT(B4,"0%")&" वाढ धरली आहे"
```

B4 मधला दर बदलला की रक्कम आणि टीप दोन्ही बदलतात.

सगळी गृहीतकं एकत्र पाहायची असतील तर तसं जास्तीचं पान जोडून देऊ, वेगळे पैसे नाहीत. सेक्रेटरींकडून एक मेल येऊ द्या. पानोपानीच्या टिपा मात्र काढणार नाही.