कोरियाची गोष्ट आणि इफ्फीचा हिशेब

«१९९४ मध्ये कोरियाच्या सरकारला कळलं की एकट्या 'ज्युरासिक पार्क'ची कमाई १५ लाख ह्युंदाई गाड्यांच्या निर्यातीएवढी आहे. त्यांनी ठरवलं, पैसा ओतला, आणि आज जग त्यांच्या मालिका बघतंय. ज्याचा सिनेमा जग बघतं, त्याचं जग ऐकतं. आपल्याकडे गोवा आहे, इफ्फी आहे. देशाची चांगली बाजू दाखवणाऱ्यांना सरकारने पैसा द्यावा आणि बदनामी करणाऱ्यांना रोखावं. दहा वर्षांत आपणही सॉफ्ट पॉवर!»

पणजीत इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, फलक लागले की हा मजकूर फोनवर फिरू लागतो. आंतरराष्ट्रीय संज्ञापनाच्या पेपरातही मुलं तो जवळजवळ तसाच उतरवतात. त्यातलं काही खरं आहे, म्हणूनच तो इतका टिकतो. तेव्हा एकेक धागा सुटा करू.

गाड्यांपासून सुरुवात करतो. अशी तुलना करणारा अहवाल खरोखर झाला होता. तो राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेचा होता. पण आकडा एकदा स्वतः मांडून बघा. त्या चित्रपटाने पहिल्या प्रदर्शनात जगभरच्या थिएटरांत साधारण ९० कोटी डॉलर गोळा केले. त्याला १५ लाखांनी भागलं तर गाडीमागे ६०० डॉलर येतात. खेळणी आणि व्हिडिओ धरून ही कमाई दुप्पट केली तरी १,२०० डॉलरच होतात, आणि त्या भावात तेव्हाही कोणी नवी गाडी देत नव्हतं. म्हणजे सिनेमाची सगळी उलाढाल एका पारड्यात आणि दुसऱ्यात फार तर गाड्यांवरचा नफा, असं धरलं तरच हे जुळतं. तरीही तुलनेने आपलं काम केलं. पोलाद आणि जहाजं मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना सिनेमा हा उद्योग वाटू लागला. तिचं महत्त्व तेवढंच; तिच्यातून धोरणाची जादू सिद्ध होत नाही.

मग सरकारने केलं तरी काय? बरंच केलं, पण फॉरवर्डमध्ये आहे त्या क्रमाने नाही. थिएटरांनी वर्षातले ठरावीक दिवस कोरियन चित्रपटच दाखवायचे, हा नियम १९६० च्या दशकापासूनचा. १९८८ मध्ये हॉलिवूडच्या कंपन्यांना तिथे थेट वितरण करू दिलं, तेव्हा स्थानिक निर्माते रस्त्यावर उतरले. १९९६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्वसेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी बुसानचा चित्रपट महोत्सव सुरू झाला. मोठ्या उद्योगघराण्यांनी सिनेमात पैसा घातला, १९९७ च्या आर्थिक संकटात त्यांतल्या काहींनी तो काढून घेतला आणि त्यांच्या जागी गुंतवणूक निधी आले. १९९८ पासून किम दे-जुंग यांच्या सरकारने जपानी सिनेमा-संगीतावरची जुनी बंदी टप्प्याटप्प्याने उठवली. शेजारी आपल्याला खाऊन टाकेल, ही भीती खोटी ठरली.

मालिकांचं कारण तर आणखी साधं होतं. आशियातल्या टीव्ही वाहिन्या वाढत होत्या, त्यांना कार्यक्रम हवे होते, आणि कोरियन मालिका जपानी मालिकांपेक्षा स्वस्त पडत. चिनी वृत्तपत्रांनी या लोकप्रियतेला 'कोरियन लाट' असं नाव दिलं तेव्हा कोरियन सरकारलाही ती थोडी उशिराच दिसली. लाट उठल्यावर सरकारने तिला जोर दिला. ती सरकारने उठवली असं म्हणणं म्हणजे पीक आल्यावर पावसाचं श्रेय तलाठ्याला देणं.

आता ऐकण्याचा मुद्दा. या विषयातला खरा पेच इथे आहे.

जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये सॉफ्ट पॉवर ही संज्ञा मांडली. सक्ती न करता, पैसे न चारता, आकर्षणाच्या बळावर दुसऱ्याकडून आपल्याला हवं ते घडवून आणण्याची क्षमता, असा तिचा अर्थ. म्हणजे शेवटी पाहायचं ते काय घडलं हे. कोणी काय पाहिलं ही त्याआधीची पायरी. संस्कृती हे साधन आहे. साधन हाती असणं वेगळं आणि त्याने काम होणं वेगळं, हे नाय स्वतःच बजावतात. त्यांच्या मांडणीत संस्कृतीच्या जोडीला देशाची राजकीय मूल्यं आणि परराष्ट्र धोरणही आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पहिलंच घेतलं.

आपल्याकडचं एक उदाहरण तारखांसकट बघू. 'दंगल' ५ मे २०१७ रोजी चीनमध्ये लागला आणि तिथे त्याने भारतातल्यापेक्षा जास्त, सुमारे १९ कोटी डॉलर कमावले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अस्तानामध्ये शी जिनपिंग यांनी मोदींना सांगितलं की हा चित्रपट आपण पाहिला आणि आपल्याला आवडला. आकर्षणाचा याहून वरचा पुरावा कुठून आणणार? त्यानंतर आठवडाभरातच डोकलाममध्ये दोन्ही सैन्यं समोरासमोर आली आणि २८ ऑगस्टपर्यंत तशीच उभी राहिली. कोंडी सुटली ती मुत्सद्द्यांच्या वाटाघाटींतून. प्रेक्षक खरे होते, त्यांचे अश्रूही खरे होते. पण बापलेकींच्या गोष्टीवर रडणारा माणूस सीमेबद्दलचं मत त्या गोष्टीवरून ठरवत नाही, आणि त्याचं सरकार तर नाहीच.

कोरियाचा अनुभव याच्या पुढे जातो. अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आपल्या भूमीवर बसवायचं कोरियाने जुलै २०१६ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर चीनमध्ये कोरियन मालिका पडद्यावरून हटू लागल्या, गायकांचे कार्यक्रम रद्द झाले. मार्च २०१७ मध्ये कोरियाला जाणाऱ्या चिनी सहली थांबल्या. यंत्रणेसाठी जमीन देणाऱ्या लोत्ते समूहाची चीनमधली बहुतेक दुकानं बंद पडली. नीट बघा, इथे लोकप्रियता उलटी फिरली. चीनचा प्रेक्षक कोरियन उद्योगाला हवा होता, म्हणूनच बीजिंगला तो तोडून दाखवता आला. ज्याच्या बाजारावर आपला सिनेमा जगतो, त्याच्या हातात आपला कान असतो. यंत्रणा बसवली गेली ती गेलीच, पण किंमत कलाकारांनी मोजली.

मग मालिकांनी काहीच होत नाही का? होतं, पण वेगळ्या पातळीवर. 'विंटर सोनाटा' २००३-०४ मध्ये जपानच्या एनएचकेवर दाखवली गेली आणि मध्यमवयीन जपानी बायका कोरियन भाषा शिकू लागल्या, मालिकेचं चित्रीकरण झालेल्या नामी बेटावर जाऊ लागल्या. ज्या समाजात कोरियनांकडे पिढ्यानपिढ्या खालच्या नजरेने पाहिलं गेलं, तिथे हे लहान नव्हतं. पण २००५ मध्ये दोकदो बेटांच्या मालकीचा जुना वाद दोन सरकारांमध्ये पुन्हा पेटला तो पेटलाच. म्हणून परीक्षेत उत्तर लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: किती जणांनी पाहिलं, पाहणाऱ्यांचं त्या लोकांविषयीचं मत हललं का, आणि त्यांच्या सरकारचा एखादा निर्णय बदलला का. पहिलीचे आकडे सहज मिळतात, तिसरीचा पुरावा क्वचित. आपली गफलत होते ती पहिलीचे आकडे तिसरीच्या रकान्यात भरल्यामुळे.

फॉरवर्डमधली सर्वांत घातक सूचना मात्र चांगली बाजू दाखवण्याची. कोरियाला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवून देणारा 'पॅरासाइट' तळघरवजा खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगतो. 'स्क्विड गेम' कर्जात बुडालेल्यांची. पर्यटन खात्याने दोन्ही संहिता पहिल्या पानावर परत केल्या असत्या. विशेष म्हणजे 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बोंग जून-हो यांचं नाव राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांच्या काळात सरकारने गुपचूप केलेल्या काळ्या यादीत होतं. त्या यादीत नऊ हजारांवर कलाकार होते. देशाची प्रतिमा ज्याने उंचावली, त्यालाच त्या देशाचं सरकार प्रतिमा बिघडवणारा समजत होतं.

बुसानलाही याचा चटका बसला. २०१४ मध्ये सेवोल बोटीच्या दुर्घटनेवरचा माहितीपट दाखवू नका, असं शहराच्या महापौरांनी सांगितलं. महोत्सवाने तो दाखवला. पुढच्या वर्षी सरकारी अनुदान जवळपास निम्मं झालं, नंतर संचालकाला जावं लागलं, आणि कोरियन चित्रकर्मींनी बहिष्काराचा इशारा दिला. आशियात मोठा मानला जाणारा महोत्सव काही वर्षं त्याच वादाने ओळखला गेला.

आपण हे पणजीत पाहिलं आहे. २०१७ मध्ये इफ्फीच्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी ज्युरीने निवडलेले दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढले: रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' आणि सनल कुमार शशिधरन यांचा मल्याळी 'एस दुर्गा'. ज्युरीचे अध्यक्ष सुजय घोष यांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयाने 'एस दुर्गा' दाखवण्याचा आदेश दिला, तरी महोत्सव संपेपर्यंत तो पडद्यावर आला नाही. याच चित्रपटाला त्या वर्षाच्या सुरुवातीला रॉटरडॅममध्ये टायगर पुरस्कार मिळाला होता. म्हणजे जगाने तो आधीच पाहिला होता. राहिलो ते मांडवीकाठचे आपण. परदेशी पाहुण्यांना त्यातून भारताची चांगली बाजू दिसली की मंत्रालयाची कात्री, हे ज्याचं त्याने ठरवावं.

राहिला गोवा. पैशाचा उपयोग होतो, पण कशासाठी हे स्पष्ट असावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्याच इफ्फीत केंद्राने परदेशी चित्रीकरणासाठीची सवलत खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये केली. हा स्वच्छ व्यवहार आहे. हॉटेलच्या खोल्या भरतात, प्रकाशयोजनेच्या मुलांना आणि गाडीवाल्यांना काम मिळतं, ते मोजताही येतं. राष्ट्राची प्रतिमा त्याने सुधारते का, हा निराळा प्रश्न आहे. 'नेशन ब्रँड' ही कल्पना १९९० च्या दशकात रुजवणारे सायमन अँहोल्ट पुढची कित्येक वर्षं हेच सांगत आले की जाहिरात-मोहिमांनी देशाची प्रतिमा बदलत नाही.

पडद्यावर असण्याने प्रतिमा आपल्या मनासारखी होत असती, तर गोव्याला तक्रारीला जागाच नव्हती. 'दिल चाहता है' २००१ मध्ये आला आणि मुंबई-दिल्लीची पोरं शापोरा किल्ल्याच्या तटावर तसंच बसून फोटो काढू लागली. हिंदी सिनेमाने गोवा इतक्या वेळा दाखवला की देशात क्वचितच कोणाला तो ठाऊक नसेल, पण ठाऊक आहे तो समुद्रकिनारा, स्वस्त दारू आणि भाड्याची दुचाकी. फोंड्याच्या देवळांतल्या जत्रेला रात्रभर चालणारं मराठी नाटक, सत्तरीतला शिगमो, पेडण्याचे धालो त्या चौकटीत आले नाहीत, कारण कॅमेरा धरणाऱ्याला ते माहीतच नव्हते. ही प्रतिमा बदलायची तर इथल्या मुलांच्या हाती कॅमेरा, सबटायटल्सचा खर्च आणि वितरकापर्यंतची वाट द्यावी लागेल, आणि त्यांनी खाणींतल्या धुळीवर किंवा बुडत चाललेल्या खाजन शेतीवर चित्रपट काढला तर तोही इफ्फीत लावावा लागेल.