ताम्हणाची ट्रान्सफर फी

‘‘तुम्ही काहीतरी लिहिता ना?’’ असं सेक्रेटरींनी विचारलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. जुलैत सोसायटीत 20 रोपं लागणार होती आणि रहिवाशांना ती स्वतःची वाटतील अशा घोषणा हव्या होत्या. मागच्या वर्षीची ‘झाडे लावा, झाडे जगवा’ बोर्डावर अजून होती. तिचा पूर्वार्ध सगळ्यांनी फोटोसकट पाळला होता. उत्तरार्ध वॉचमनकडे होता आणि दिवाळीत तो गावी गेला. पावसाळ्यात रोपं जगतातच, त्यांना लोकांची गरज लागते ती पाऊस संपल्यावर.

मी लिहिलं, ‘आपली सोसायटी, आपली झाडे’. तीनशेचारवाले काका म्हणाले, ‘‘ ‘आपलं’ म्हणजे कुणाचंच नाही हो. जिन्यातला दिवासुद्धा आपलाच आहे, बदलतो का कुणी?’’ मग ‘आमचे झाड’ केलं. त्यावर बी विंगने विचारलं, आमचे म्हणजे ए विंगचे का? मराठीत सर्वनामं एवढी भांडकुदळ असतील असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी घोषणाच टाकून दिली आणि झाडालाच बोलायला लावलं. प्रत्येक रोपाला पत्र्याची पाटी: ‘मी ताम्हण. दर बुधवारी आणि रविवारी मला 304 एक बादली पाणी देतात.’ नाव, वार, बादली. उपदेश शून्य, पण येणारा-जाणारा पाटी वाचून आधी आळ्यातली माती बघायचा आणि मग तिसऱ्या मजल्याकडे.

मालकी इतकी अंगात भिनेल असं मात्र वाटलं नव्हतं. दोनशेएकच्या काकू शेजारच्या कांचनाची उंची पदराने मोजताना सापडल्या. चारशेदोनने फ्लॅट विकायला काढला तर जाहिरातीत ‘सोबत बहावा’. जानेवारीत ताम्हणाची पानं लाल होऊन गळली, तेव्हा काकांनी मला रात्री साडेदहाला खाली बोलावलं. ‘‘गेलं!’’ मी नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. ‘‘काका, हिवाळ्यात ते पानं टाकतंच. जिवंत आहे.’’ दुसऱ्या दिवसापासून काका रोज साल खरवडून खात्री करून घेऊ लागले. आठवड्याभरात नवी पाटी लावावी लागली: ‘मी जिवंत आहे. खरवडू नये.’

या सगळ्यात माझ्या वाटचं, 202चं ताम्हण गेटजवळ होतं. एप्रिलमध्ये पाट्यांचं कौतुक ऐकत परतताना तिकडे लक्ष गेलं. आळं ओलं, शेंड्याला तांबूस कोवळी पालवी. मी शेवटचं पाणी कधी घातलं ते काही आठवेना. पाटी पाहिली. 202 खिळ्याने खोडून वर 304 कोरलं होतं.

काका बादली घेऊन मागे उभेच होते. म्हणाले, ‘‘ट्रान्सफर फी मागू नका, देणार नाही.’’