उशिरा आलेला फॉर्म आणि न आलेला फॉर्म

सर्वेक्षणाचे सगळे फॉर्म परत आले नाहीत, की असा सल्ला मिळतो: “आधी आलेली आणि उशिरा आलेली उत्तरं ताडून बघा. फरक नसेल तर न देणाऱ्यांची काळजी सोडा. त्यांतल्या चाळीसेक जणांना गाठून तसंही काही सिद्ध होत नाही.”

उशिरा उत्तर देणारा हा न देणाऱ्यासारखाच असतो, हे गृहीतक आहे. आर्मस्ट्राँग आणि ओव्हरटन या संशोधकांच्या टपाली सर्वेक्षणांवरच्या 1977 च्या लेखानंतर ही तुलना रूढ झाली. पण उशीर कशामुळे झाला, हे आधी बघायला हवं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात खंडेनवमीच्या धामधुमीत फॉर्म पोचला, तर तो उशिराच परत येणार. त्यात टाळाटाळ कुठे आली? उलट जो मालक स्वतःच लेथवर उभा असतो, त्याचा फॉर्म मायक्रोमीटरच्या डबीखाली घडी घालून पडलेला असतो. तो आधीच्यांतही मोजला जात नाही आणि उशिराच्यांतही नाही.

आता ‘फरक नाही’चं बघू. समजा, 400 वर्कशॉपना विचारलं, “गेल्या दोन वर्षांत नवीन मशीन घेतलं का?” उत्तरं आली 120. पहिल्या 60 पैकी 38 ‘हो’, नंतरच्या 60 पैकी 34 ‘हो’. म्हणजे 63 टक्के आणि 57 टक्के. संख्याशास्त्रीय चाचणी म्हणते, फरक लक्षणीय नाही. पण एवढ्या आकड्यांवर या फरकाची चूकमर्यादा दोन्हीकडे जवळजवळ 18 टक्के-अंकांची असते. खरा फरक वीसचा असला तरी ही चाचणी बऱ्याचदा गप्प बसेल. तिच्या गप्प बसण्याला पुरावा म्हणणं मला अजिबात पटत नाही.

चाळीस जणांचं मोल इथे कळतं. हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी 1946 मध्येच ही रीत मांडली. न आलेल्या 280 मधून चिठ्ठ्या टाकून 40 निवडायचे आणि प्रत्येकाच्या दारात जायचं. समजा, 12 जण ‘हो’ म्हणाले, म्हणजे 30 टक्के. उत्तर देणाऱ्यांत हेच प्रमाण 60 टक्के होतं. दोन्ही गटांना त्यांच्या संख्येप्रमाणे वजन द्या: 0.3 × 60 + 0.7 × 30 = 39. चूकमर्यादा दहाएक अंकांची धरली तरी 60 तिच्यात बसत नाही. काही सिद्ध होत नाही म्हणता, पण मूळ आकडाच इथे कोसळतो.

मात्र हे चाळीसच्या चाळीस सापडले तरच. जे 15 जण पटकन भेटले तेवढ्यांवर थांबलात, तर बोलायला तयार असलेलेच पुन्हा निवडले जातात. शटर बंद दिसलं म्हणून शेजारच्या वर्कशॉपात शिरू नका. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी त्याच दारात जा. अख्खा फॉर्म पुढे करू नका. मालक मशीन बंद करून हात पुसेल, तेवढ्यात होतील असे दोनच प्रश्न विचारा, तेही मूळ फॉर्ममधल्याच शब्दांत. वर्कशॉप कायमचं बंद झालं असेल, तर त्याची नोंद वेगळी ठेवा. ते 280 मध्ये धरायचं की नाही, हे मोजणीआधी ठरवा.