गोमतीतला एच

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहिते. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझी भाची सातवीत आहे. शाळेच्या हस्तलिखितासाठी तिने एक गोष्ट लिहिली होती. ती परत आली. वहीच्या दोन पानांवर लाल शाईने तिरकी रेघ आणि खाली शेरा: 'चोरी शिकवणारी कथा.' पोरगी रडली नाही. घरी येऊन दप्तर ठेवलं, वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "मावशी, बघ की, यात कुठं चोरी आहे?"

मी तीनदा वाचली. चोरी कुठंच सापडली नाही. सापडलं ते भलतंच, आणि त्याचा संबंध माझ्या स्वतःच्या नावाशी आहे. त्याकडे येते.

आधी गोष्ट सांगते. बेळगावजवळच्या खानापूरकडचं गाव. संजूचे बाबा गोव्याला कामाला, शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल करतात. गावात मोबाईलला रेंज नाही, घरात वाय-फाय आहे म्हणून चालतं. आईचा जुना फोन पाण्यात पडतो, नवा येतो आणि तो पासवर्ड मागतो. पासवर्ड आजीला माहीत. आजी गेलीय सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला आणि तिचा बटणांचा फोन घरीच चार्जिंगला राहिलाय. शनिवार आहे. एवढंच.

संजू आधी राऊटर उलटा करून खालचा स्टिकर बघतो. तिथला पासवर्ड चालत नाही, म्हणजे जोडणी देताना कुणीतरी तो बदललाय. शेजारचा दादा म्हणतो, मागच्या भोकात पिन खुपसून धर, सगळं पहिल्यासारखं होईल. संजू नको म्हणतो. होईल पहिल्यासारखं, पण त्याबरोबर जोडणीचं यूजरनेम आणि पासवर्डही पुसलं जाईल, ते केबलवाल्याच्या ऑफिसातच असतं आणि शनिवारी संध्याकाळी ते बंद. तेरा वर्षांच्या पोरीने हे लिहिलंय! आमच्या घरी मागच्या वर्षी तिच्या मामाने नेमकं तेच करून ठेवलं होतं, दोन दिवस सगळं ठप्प. पोरीने ते बघून डोक्यात ठेवलं.

मग संजूला केबलवाला पोरगा आला होता तो दिवस आठवतो. हा प्रसंग गोष्टीच्या पहिल्याच परिच्छेदात येऊन गेलेला असतो, सहज, दोन ओळींत. आजी धार काढत बसलेली. पोरगा ओसरीवरून ओरडतो, "आज्जी, एक नाव सांगा, आणि एक नंबर." आजी मान वर न करता जे हाताखाली आहे त्याचंच नाव सांगते. आता वाचणाऱ्याला कळतं: गायीचं नाव गोमती. आणि आजीला तोंडपाठ असलेला एकच नंबर म्हणजे डेअरीचा सभासद नंबर, दुधाच्या किटलीच्या खांद्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेला, ११८.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. संजू कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे एकेक प्रयत्न लिहून काढतो:

```
gomati
gomati118
Gomati118
gomti118
```

पहिल्या वेळी 'कनेक्ट'चं बटण फिकटच राहतं, दाबलंच जात नाही. दुसऱ्या वेळी बटण ठळक होतं, दाबलं जातं, चक्र फिरतं आणि मग पासवर्ड चुकीचा म्हणून येतं. संजू थांबतो. हे दोन वेगळे नकार आहेत. पहिला नकार फोनचा स्वतःचा, कारण वाय-फायचा असला पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा कमी असूच शकत नाही आणि gomati सहाच अक्षरांचं. म्हणजे नावापुढे काहीतरी आहेच. दुसरा नकार राऊटरचा. आणि राऊटर किती चुकलं ते कधीच सांगत नाही. एक अक्षर चुकलं काय आणि सगळंच चुकलं काय, उत्तर तेच. म्हणून संजू एका वेळी एकच गोष्ट बदलतो. नंबर तसाच ठेवून पहिलं अक्षर मोठं करून बघतो, मग मधला a काढून बघतो. नाव आणि नंबर दोन्ही एकदम बदलले तर कशामुळे चुकलं ते कळणारच नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. कागदावरच्या फुल्या बघून त्यालाच ते कळतं.

चारही चुकतात. बाबांच्या फोनची वेळ होत येते. आणि तेव्हा संजू स्वतःला योग्य प्रश्न विचारतो: मी कसं लिहीन ते कशाला बघायचं? बोटं कुणाची होती? आजीला इंग्रजी येत नाही. ती फक्त बोलली. टाईप केलं केबलवाल्या पोराने. तो बैलहोंगलकडचा, घरात कन्नड. त्याच्या हातचं या घरात काय आहे? दाराशेजारी तारेला टोचलेल्या पावत्या! त्यातली केबलची पावती संजू ओढून काढतो. आजीचं नाव शांताबाई. पावतीवर पेनने लिहिलंय Shanthabai.

टी नंतर एच.

```
gomathi118
```

वहीवर हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

कारण माझं नाव लता आहे. आणि माझ्या एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर Latha छापलंय. कोल्हापूरला कॉलेजात ॲडमिशन घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने कार्ड माझ्याकडे परत सरकवलं होतं. "ही लथा कोण?" मागच्या रांगेतली पोरं हसली. मी सोळा वर्षांची, वडील शेजारी उभे, धोतरात. त्यांनी कोर्टाजवळून स्टॅम्प पेपर आणला, Lata आणि Latha ही एकच व्यक्ती असं लिहून घेतलं, त्या पायी बसचे पैसे संपले आणि आम्ही ओळखीच्यांकडे मुक्काम केला. पुढे बँकेत, पॅन कार्डात, आधारात, प्रत्येक ठिकाणी तो एच माझ्या मागे लागलाय. आज पन्नाशी जवळ आली तरी तो स्टॅम्प पेपर मी कपाटात जपून ठेवलाय.

इतकी वर्षं मी समजत होते की कुणीतरी माझं नाव चुकवलं. चूक नव्हती. आपण मराठीत t हे एकच अक्षर ट आणि त दोघांसाठी वापरतो. कन्नड नावं इंग्रजीत लिहिताना पुष्कळ लोक t हे ट साठी राखतात आणि त साठी th लिहितात. म्हणून त्यांची सविता Savitha, गीता Geetha, आणि मी Latha. त्यांच्या हिशोबाने ते बरोबर आहे. आपण 'लथा' वाचतो कारण आपण आपल्या हिशोबाने वाचतो. हे मला या पोरीच्या गोष्टीने सांगितलं. बेळगावात जन्म गेला माझा!

आता माझ्या ओळखीतलाच एकजण म्हणाला, मराठी हस्तलिखितात कानडी स्पेलिंग जिंकतं असं दाखवायचं कशाला? मला राग आला. मी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून चाललेय, वडिलांचं बोट धरून आणि नंतर एकटीनेही. मला कुणी मराठी शिकवू नये. पोरीने कुणाला जिंकवलेलं नाही. तिने एवढंच बघितलं की आपल्या घरातल्या दाराला कुलूप दुसऱ्याच्या बोलीच्या हाताने लागलंय आणि ते उघडायचं तर तो हात कसा लिहितो ते माहीत हवं. इथं राहणाऱ्या प्रत्येक पोराला हे रोज करावं लागतं. बसची पाटी, लाईट बिल, रेशन दुकानातला फलक. बाहेरच्याला ते कळणार नाही, पण आपल्या शाळेतल्या माणसाला कळू नये?

बरं, हेही खरं की बेळगावकडचे सगळेच कन्नड लोक th लिहितात असं नाही, साधा t लिहिणारेही ढिगाने आहेत. पण म्हणूनच तिने पावती आणली ना गोष्टीत. सगळे असं लिहितात असं ती म्हणत नाही, या पोराने असं लिहिलंय, हे बघा, असं म्हणते. आणि ती पावती तारेला टोचलेली आहे हे पहिल्या पानावर आहे, मी परत जाऊन बघितलं. 'तारेवरच्या पावत्या वाऱ्याने फडफडत होत्या.' माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती ती ओळ. हेरकथा लिहिणारे मोठे मोठे लोक शेवटच्या पानावर खिशातून पुरावा काढतात. हिने सगळं आधी समोर मांडून ठेवलंय आणि मग म्हणते, आता ओळखा.

आणि चोरी? स्वतःच्या घरातलं वाय-फाय, स्वतःची आजी, स्वतःचे बाबा. हो, हीच युक्ती कुणी शेजाऱ्याच्या घरावर चालवली तर ते वाईटच, मान्य. आणि गायीचं नाव अधिक डेअरीचा नंबर हा पासवर्ड म्हणून कच्चा आहे हेही मान्य. जो रोज घरात येतो-जातो त्याला तो हाताने पाच प्रयत्नांत सापडतो, आणि कॉम्प्युटरवर नावं आणि आकडे जुळवत बसणाऱ्याला तर घरातलं काही माहीत असायचीही गरज नाही. पण ते पोरीलाही कळलंय. गोष्टीत आजी परत आल्यावर संजू तिला बसवून नवा पासवर्ड करायला लावतो, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द. आजी 'किटली' म्हणते, मग बराच वेळ विचार करून 'गोवा'. पुढचे दोन लिहिलेले नाहीत. "सांगितले तर मग काय उपयोग, मावशी?" म्हणाली. चोरी शिकवणारी पोरगी ही!

लाल रेघ मारणाऱ्याने शेवटचं पान वाचलंच नसणार. तिथं फोनवर Connected येतं, बाबांचा चेहरा दिसतो, आई फोन घेऊन आत जाते. बाबा काय बोलले ते पोरीने लिहिलेलंच नाही. तिने लिहिलंय, 'संजूने पावती परत तारेला टोचली आणि किटली धुवायला घेतली, कारण आजी नव्हती.' मला इथं रडू आलं. दुपारी चिडले होते, आता नाही. आता नुसतं वाटतंय की वडील असते तर त्यांना ही गोष्ट वाचून दाखवली असती. त्या दिवशी कोल्हापूरच्या बसस्टँडवर ते मला पुन्हा पुन्हा म्हणत होते, तुझं नाव लताच आहे, लताच आहे.

संध्याकाळी मी भाचीला कपाटातला स्टॅम्प पेपर काढून दाखवला. तिने दोन्ही स्पेलिंगांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "दुसरी गोष्ट लिहू यावर? नाव कसं घालू, एच घालून की न घालता?" मी म्हटलं, दोन्ही घाल.

सोमवारी दहाला मी शाळेत जाणार आहे. वही बरोबर नेणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी गेटजवळ भेटा.