अॅव्हरेज सांगू नका, चार वर्षांनी गाडी कितीला घेणार ते सांगा

सांगली-मिरजेत इलेक्ट्रिक स्कूटर विकायला येणाऱ्या नव्या कंपन्यांची जाहिरात बघितली की वाईट वाटतं. किलोमीटरला किती पैसे, किती सेकंदांत किती वेग, स्क्रीन केवढी मोठी. गिऱ्हाईक हे सगळं ऐकून घेतं, मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोलची स्कूटर बुक करून येतं. शोरूमवाल्यांना वाटतं, लोकांना हिशोब कळत नाही. लोकांना हिशोब चांगला कळतो, पण कंपनी त्यांना अर्धाच हिशोब सांगते.

माझा जुन्या दुचाकींचा धंदा आहे, आपल्याकडे ज्याला ऑटो कन्सल्टंट म्हणतात तो. इलेक्ट्रिक गाड्या चालाव्यात असं मला मनापासून वाटतं. कुपवाडचा एक तरुण अशीच कंपनी उभी करतोय. तो मध्यंतरी भेटायला आला आणि म्हणाला, "काका, लोकांचा अॅक्टिव्हा-स्प्लेंडरवरचा विश्वास कसा मोडायचा?" मी म्हटलं, "तो मोडायच्या भानगडीत पडू नकोस. तो विश्वास कशाचा आहे ते आधी समजून घे." त्या दिवशी त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

माझ्या दुकानात स्प्लेंडर आली की मी मॉडेल, कितवा मालक, एमएच-10 पासिंग, विमा आणि कागदावर बोजा आहे का, एवढं बघतो. इंजिनाचा आवाज ऐकतो आणि आकडा सांगतो. इंजिन अगदी कामाला आलेलं असलं तरी दुरुस्तीचा खर्च मला माहीत असतो, तेवढा वजा करतो. पंधरा-वीस दिवसांत गाडी जाणार याची खात्री असते, म्हणून बोली लावताना हात आखडत नाही. रीसेल म्हणजे एवढंच. पुढचा खर्च मोजता येतो.

इलेक्ट्रिक स्कूटर आली की मी अडतो. गाडीतला सगळ्यात महागडा भाग म्हणजे बॅटरी, आणि ती बंद डब्यात. चार्ज करून फेरी मारली, टक्के कसे उतरतात ते पाहिलं, तरी स्क्रीनवरचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो. थकलेल्या बॅटरीच्या खुणा आहेत. शंभरवरून तीसपर्यंत टक्के नीट उतरतात आणि मग अचानक दहावर येतात. मागे माणूस बसवून चढ चढवला की गाडी एकदम दम सोडते. आतले काही सेल बाकीच्यांच्या मागे पडले की असं होतं. पण या खुणा दिसल्या नाहीत म्हणजे बॅटरी चांगली, असं छातीठोक सांगता येत नाही. तीन युनिटची नवी बॅटरी टाकायची तर पन्नास-साठ हजारांची गोष्ट. मग मी काय करतो? सगळ्यात वाईट धरून चालतो आणि बॅटरीची जवळजवळ पूर्ण किंमत वजा करतो. शाबूत बॅटरीची गाडीही अशा रीतीने मेलेल्या बॅटरीच्या भावात जाते. दोष गाडीचा नसतो, तिची तब्येत सांगणारा कागद नसतो.

आता आकडे मांडू. हे ढोबळ आहेत, माझ्या दुकानातल्या अनुभवावर धरलेले. पेट्रोल स्कूटर रस्त्यावर यायला एक लाख, चार वर्षांनी 55 हजार येतात, म्हणजे घट 45 हजार. नव्या कंपनीची इलेक्ट्रिक 1 लाख 15 हजारांना, चार वर्षांनी मी 30 हजार म्हणणार, घट 85 हजार. इलेक्ट्रिकवाला इथे 40 हजारांनी मागे.

पतसंस्थेचा पिग्मी एजंट घ्या. रोज 45 किलोमीटर, वर्षात 300 दिवस, म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर. लिटरला 45 धरलं तर 300 लिटर, 105 च्या भावानं साडेएकतीस हजार. इलेक्ट्रिक एका चार्जला खरीखुरी 85 चालते आणि एका चार्जला घरच्या मीटरवर साडेतीन युनिट पडतात असं धरू. युनिटला दहा रुपये म्हटले तरी वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास. वर्षाची बचत 26 हजार, चार वर्षांत लाखाच्या वर. रीसेलचे 40 हजार गेले तरी साठेक हजार हातात राहतात.

आता विश्रामबागेतले निवृत्त गुरुजी घ्या. बाजार, देऊळ, नातवाची शाळा, रोज दहा किलोमीटर. त्यांची बचत वर्षाला सहा हजारांच्याही आत, चार वर्षांत 23 हजार. रीसेलमध्ये 40 गेले. गुरुजींनी पेट्रोल स्कूटर घेतली तर ते बरोबरच आहेत.

म्हणून त्या पोराला पहिली गोष्ट सांगितली की सगळ्यांना विकू नकोस. पिग्मी एजंट, औषध कंपन्यांचे एमआर, फायनान्सचे वसुलीवाले, तासगावहून रोज सांगलीला येऊन-जाऊन करणारे नोकरदार, हे तुझे लोक. दिवसाला चाळीसच्या वर पळणारा माणूस हिशोबात आधीच जिंकलेला आहे. त्यातही पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांसमोर उभा असतो आणि प्रत्येक दुकानदार त्याला विचारतो, गाडी कशी आहे.

पण बचतीचा आकडा एवढा मोठा असूनही तो एजंट बिचकतो, आणि त्याचं कारण मला रोज काउंटरवर दिसतं. बचत दररोज ऐंशी-नव्वद रुपयांनी येते आणि घरखर्चात विरून जाते. रीसेल एकरकमी येतो. मुलीची कॉलेजची फी, दवाखाना, हप्ता थकला, अशा वेळी माणूस गाडी घेऊन माझ्याकडे येतो. मध्यमवर्गाच्या घरात दुचाकी म्हणजे दारात लावलेलं सोनं. तिच्या भावाची खात्री नसेल तर तो घेणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

यावर उपाय म्हणजे कंपनीने ती जोखीम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून काढून स्वतःकडे घेणं. विक्रीच्या दिवशीच लेखी द्यायचं की चार वर्षांनी, 60 हजार किलोमीटरच्या आत, गाडी चालती असेल तर 48 हजारांना परत घेऊ. रुपयांत लिहायचं. "त्या वेळच्या बाजारभावाच्या अमुक टक्के" असं लिहिलं की सगळी जोखीम पुन्हा गिऱ्हाइकाकडेच जाते. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच आठवड्यात पडतो. 22 सप्टेंबर 2025 ला 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, नवी स्कूटर सात-आठ हजारांनी उतरली आणि माझ्यासारख्यांच्या दारात उभ्या असलेल्या मालाचे भावही खाली आले. बॅटऱ्या स्वस्त होत जातील तसं इलेक्ट्रिकमध्ये हे पुन्हा पुन्हा होणार.

कंपनीला हे परवडेल का, असं त्यानं विचारलं. परत आलेल्या गाडीवर टायर, ब्रेक पॅड, रंग मिळून पाच-सहा हजार लागतील. बॅटरीची खरी अवस्था कंपनीला माहीत असल्यामुळे ती वॉरंटी देऊन 46 ते 50 हजारांना विकू शकते, जे मला जमत नाही. गाडीमागे आठ हजारांचा तोटा धरू. 500 विकल्या आणि त्यातल्या तिसरा हिस्सा परत आल्या तर साधारण 13 लाख. म्हणजे प्रत्येक विकलेल्या गाडीमागे अडीच-पावणेतीन हजार. उद्घाटनाची पाच हजार सूट देता, त्यातले चार हजार बाजूला ठेवा, 20 लाख जमतात. पण नव्या गाडीची किंमत जोरात कोसळली आणि तोटा गाडीमागे वीस हजारांवर गेला तर 33 लाख लागतील, मग हे पैसे पुरणार नाहीत. म्हणून वचन पहिल्या 500 गाड्यांनाच द्यावं आणि दर वर्षी नव्या विक्रीसाठी आकडा नव्याने ठरवावा. दिलेला आकडा मात्र बदलायचा नाही.

आणि ते पैसे कंपनीच्या चालू खात्यात नकोत. ठेवी बुडालेल्या पाहिलेला जिल्हा आहे हा. नवीन कंपनीच चार वर्षं टिकेल का, हा प्रश्न गिऱ्हाईक तोंडावर विचारत नाही, मनात विचारतं. वेगळी मुदत ठेव करा, गाडीला कर्ज देणाऱ्या बँकेचा तिच्यावर बोजा चढवा आणि तो कागद शोरूमच्या भिंतीवर लावा.

दुसरा कागद बॅटरीचा. दर वर्षी सर्व्हिसला गाडी आली की बॅटरी पूर्ण भरून, ठरलेल्या लोडवर रिकामी करून, किती ऊर्जा निघाली ते मोजायचं. नवी असताना तीन युनिट निघत होते, आता 2.6 निघाले, तर तब्येत 87 टक्के. अॅपमधल्या अंदाजापेक्षा हा आकडा पक्का. यात काही तास जातात, म्हणून सर्व्हिसवाले टाळतात, पण या चिठ्ठीवर माझ्यासारख्याची बोली बदलते. आणि बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर आपोआप, फुकट चढली पाहिजे. आज अडचण अशी की गाडी पहिल्या मालकाच्या मोबाइल नंबरला अॅपमधून बांधलेली असते. आरसी बदलते पण अॅप बदलत नाही, आणि नवा मालक माझ्या दारात येऊन उभा राहतो.

सर्व्हिसचंही तेच. पेट्रोल गाडीवरचा विश्वास शोरूमपेक्षा चौकातल्या मेस्त्रीवर आहे. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची. तिचं उत्पादन थांबल्यावरही प्रिया कितीतरी वर्षं रस्त्यावर होत्या, कारण ती खोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. इलेक्ट्रिकमध्ये बिघाड बहुतेकदा किरकोळ असतो, चार्जर, कनेक्टर, 12 व्होल्टचा कन्व्हर्टर. पण तो शोधायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप पुण्यात. तासगाव, विटा, पलूस इथल्या प्रत्येकी एका जाणत्या मेस्त्रीला ते उपकरण आणि वीस-पंचवीस पार्ट उधारीवर देऊन ठेवा. दोन दिवसांत गाडी चालू झाली नाही तर बदली गाडी, हेही लेखी.

सांगलीपुरती आणखी एक गोष्ट. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, 2021 ला पुन्हा पूर आला. तेव्हापासून इथला प्रत्येक जण जुनी गाडी घेताना पुरातली आहे का विचारतो. बॅटरीवरचं आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पूर चार-पाच दिवस उतरत नाही. पुरात बुडालेली गाडी परत घेणार की नाही, विमा कुठपर्यंत, बॅटरी तपासून द्यायला किती दिवस लागतील, हे वचनपत्रावर ठळक अक्षरात हवं. नाही म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, लोक ऐकून घेतात.

माझ्या बाजूने एवढं सांगतो. जी कंपनी मोजून काढलेली बॅटरीची चिठ्ठी, नावावर चढणारी वॉरंटी आणि तालुक्यात मेस्त्री देईल, तिची चार वर्षांची चांगली गाडी आली तर मी 30 हजारांऐवजी 42 हजारांपासून बोली सुरू करेन. सांगली-मिरजेतल्या इतर कन्सल्टंट मंडळींनी आपापला आकडा खाली लिहावा, म्हणजे त्या पोरांना वचनपत्रात काय लिहायचं ते ठरवता येईल.