लाल शंकरपाळीतलं चित्र सगळं सांगत नाही

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत वुर्झबुर्गला गेलीये. तिकडचं पाणी भयंकर जड, काचेवर नळावर दोन दिवसात पांढरे डाग, आणि थंडीमुळे खिडक्या बंद म्हणून टाइल्सच्या फटीत काळी बुरशी. म्हणजे एकाच बाथरूममध्ये दोन स्प्रे, एक डागाचा आणि एक बुरशीचा. तिने दोन्ही बाटल्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, दोन्हीवर तेच चित्र आहे गं, मग एकावर एक मारलं तर चालेल ना?

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे असे फोटो मला येतच असतात, पण हा प्रश्न इतका नेमका होता की म्हटलं सविस्तरच लिहावं.

चित्र खरंच तेच होतं. पांढऱ्यावर लाल कडा असलेली उभी शंकरपाळी आणि आत एक नळी हातावर आणि एक नळी धातूच्या पट्टीवर द्रव ओततेय आणि दोन्ही खाल्लं जातंय असं. याचा अर्थ जाळणारं. कातडी जाळेल किंवा डोळ्याला कायमची इजा करेल किंवा धातू खाईल, यातलं काहीतरी. बुरशीच्या स्प्रेवर आणखी एक शंकरपाळी होती, वाळकं झाड आणि उलटा पडलेला मासा, म्हणजे पाण्यातल्या जिवांना घातक. नुसतं उद्गारचिन्ह असेल तर त्यामानाने सौम्य, खाज, जळजळ वगैरे. बाजूला एक शब्द असतो, ‘गेफार’ असेल तर जास्त धोका, ‘आख्टुंग’ असेल तर थोडा कमी. मावशी म्हणाली बाटलीवर एक छोटा त्रिकोण बोटाला लागतो, तो कशाला? तो दिसत नसलेल्या माणसांसाठी, बोटाने कळावं की आत धोक्याचं आहे. मला हे फार आवडतं, आपल्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही असं काही.

पण खरी गोम इथे आहे. ही लाल चित्रं फक्त एवढंच सांगतात की ही बाटली एकटी असताना तुमचं काय करेल. दुसऱ्या बाटलीला भेटली तर काय करेल याचं लाल चित्रच नाही. काही कंपन्या आपणहून मिसळू नका असं बारीक काळं चित्र छापतात पण ते सगळीकडे नसतं, त्यावर विसंबू नका. मिसळण्याबद्दलचं सगळं मागच्या बाजूच्या बारीक अक्षरात असतं, आणि मावशीने फोटो काढले होते पुढून. तिला म्हटलं मागून काढ, जवळून काढ, फ्लॅश बंद कर नाहीतर चकाकतं, आणि लेबलचा कोपरा सुटतोय का बघ, काही बाटल्यांवर लेबल सोलून आत दुसरं पान असतं.

मग कळलं. बुरशीच्या स्प्रेच्या मागे दोन वाक्यं होती. एक, सावधान, दुसऱ्या उत्पादनांसोबत वापरू नका, घातक वायू म्हणजे क्लोरीन बाहेर पडू शकतो. दोन, आम्लाशी संपर्क आला तर विषारी वायू तयार होतो. आणि घटकांमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं साधं ब्लीच. डागाच्या स्प्रेत काय? आम्ल. जड पाण्याचे डाग आम्लानेच सुटतात, त्यासाठीच तो स्प्रे आहे. म्हणजे पहिल्या बाटलीने ज्याच्यापासून लांब राहा म्हटलंय ते शेजारीच मांडून ठेवलंय, आणि पुढचं चित्र दोघांचं सारखं!

ही वाक्यं शब्दाला शब्द मराठीत आणून उपयोग नाही हे माझं ठाम मत. ‘सोबत वापरू नका’ वाचून माणूस म्हणतो, मी कुठे बादलीत एकत्र ओततोय? पण एक स्प्रे मारला, नीट धुतला नाही आणि वरून दुसरा मारला तरी ते सोबतच झालं. एका स्प्रेचा स्पंज दुसऱ्याला वापरला तरी तेच. म्हणून मी मावशीला घरच्या भाषेत लिहून दिलं: बुरशीचा स्प्रे मारलास त्या दिवशी तिथे दुसरं काहीच नाही, खिडकी उघडी, पंखा चालू, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं, डागाचा स्प्रे दुसऱ्या दिवशी. स्पंज वेगवेगळे. उरलेलं एका बाटलीतून दुसरीत ओतायचं नाही, बाटली रिकामी असली तरी. आणि व्हिनेगर, लिंबू हे पण आम्लच, ते घरगुती म्हणून चालेल असं नाही.

हे शेवटचं रील्समुळे सांगावं लागतं. सोडा आणि व्हिनेगर टाकलं की फसफसतं, लोकांना वाटतं फेस आला म्हणजे साफ झालं. त्या दोघांचं मिश्रण तसं निरुपद्रवी आणि बहुतेक वेळा निरुपयोगी. पण सवय लागते ना दोन गोष्टी एकत्र ओतायची, मग एक दिवस त्यातली एक ब्लीच असते.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून तो खाली फरशीजवळ साचतो. आता आपल्या बायका बाथरूम कसं घासतात? उकिडवं बसून, दार लोटून, तोंड फरशीपासून हातभर अंतरावर. उभं राहून घासणाऱ्यापेक्षा जास्त त्यांच्याच नाकात जाणार. ब्लीचला स्विमिंग पूलसारखा वास एरवीही असतो, त्यामुळे नुसत्या वासाने घाबरू नका, पण वास एकदम तीव्र झाला, डोळे झोंबले, घशात आग झाली, खोकला थांबेना, छाती आवळल्यासारखी झाली तर हातातलं टाकून बाहेर या. येताना दार ओढून घ्या, घरातल्या बाकीच्या खिडक्या उघडा. धुऊन टाकायला परत आत जायचं नाही आणि उतारा म्हणून तिसरं काहीतरी ओतायचं तर अजिबात नाही. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दम लागत असेल तर डॉक्टरांकडे जाच, कारण फुप्फुसाला काही वेळा काही तासांनी त्रास होतो. तिकडे 112, आपल्याकडे 108 किंवा 112. डोळ्यात उडालं तर आधी नळाखाली 15 ते 20 मिनिटं धुवायचं, लेन्स असेल तर काढायची, मग दवाखाना.

आपल्याकडचं काय म्हणाल तर टॉयलेट क्लीनर बहुतेक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा असतो, साधारण 10 टक्के. आणि घरात ब्लीच असतंच, नाहीतर गावाकडे ग्रामपंचायतीने विहिरीसाठी आणलेली टीसीएल पावडर कुणीतरी पुडीत आणून ठेवलेली असते, आणि संडास पांढरा व्हावा म्हणून लोक टीसीएल टाकून वर अ‍ॅसिड ओततात. मी डोळ्यांनी बघितलंय. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिच्यावर अ‍ॅसिड पडलं की तोच क्लोरीन, आणि संडास केवढासा असतो!

दारावर येणाऱ्या फिनेलवाल्याचं सुटं अ‍ॅसिड तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत, लेबल नाही, काही नाही. फोटो काढून पाठवायला पण काही नाही. खरं तर घ्यूच नका, पण घरात असेल तर ती बाटली वरच्या फळीवर, पोरांच्या हाताला येणार नाही अशी, टीसीएल आणि ब्लीचपासून वेगळी, आणि मार्करने मोठ्या मराठी अक्षरात अ‍ॅसिड, ब्लीचवर ओतू नये. कामाला येणाऱ्या मावशींना वाचता येत नसेल तर तोंडी सांगा, त्या तर दिवसाला चार घरांच्या चार वेगळ्या बाटल्या हाताळतात.

कुणाकडे परदेशी बाटली असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, सवडीने बघते. मागच्या बाजूचा.